एकच हंगाम, तीन वयं

दसरा-दिवाळी उरकली की बीड, आष्टी, शिरूर कासार, पाथर्डी या पट्ट्यातल्या वाड्या-तांड्यांवरून ट्रॅक्टर आणि ट्रक भरून माणसं ऊसतोडीला निघतात. कुणी कोल्हापूर-सांगलीकडे, कुणी पुणे-साताऱ्याकडे, तर कुणी थेट कर्नाटकात. साखर कारखान्यांचा गाळप हंगाम संपेपर्यंत, म्हणजे साधारण मार्च-एप्रिलपर्यंत, त्यांचा मुक्काम कोपीत असतो. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. मुकादमाकडून उचल मिळते ती या कोयत्यावर, आणि हंगामभर ऊस तोडून ती फेडायची असते.

अशा एका घराची कल्पना करू. घरात तीन मुलं आहेत. धाकटा दोन वर्षांचा, मधली आठ वर्षांची आणि थोरली चौदा वर्षांची. आई-बाप तेच, गरिबी तीच, उचलही तीच. तरी हंगाम संपल्यावर तिघांच्या वाढीचा हिशेब मांडला, तर तीन निरनिराळी उत्तरं येतात. धाकट्याचं नुकसान आईच्या वेळात झालेलं असतं. मधलीचं नुकसान दोन शाळांमधल्या फटीत होतं. थोरलीचं नुकसान बऱ्याचदा तिच्या वयाच्या मुलीबद्दल गावाची जी समजूत असते, तिथं होतं. एकच घटना मुलापर्यंत वेगवेगळ्या वाटांनी पोचते, आणि कोणती वाट मोकळी आहे हे मुलाच्या वयावर ठरतं. बालविकासाच्या अभ्यासात ही गोष्ट नीट मांडून दाखवली ती यूरी ब्रॉनफेनब्रेनर यांनी.

संस्थेच्या आवारातली गोष्ट

ब्रॉनफेनब्रेनर यांचा जन्म 1917 साली मॉस्कोत झाला. ते सहा वर्षांचे असताना कुटुंब अमेरिकेत गेलं. वडील डॉक्टर होते आणि न्यूयॉर्क राज्यातल्या लेचवर्थ व्हिलेज या मोठ्या संस्थेत काम करत. त्या काळी ‘मंदबुद्धी’ ठरवल्या गेलेल्या माणसांना तिथं ठेवलं जाई. ब्रॉनफेनब्रेनर यांचं बालपण या संस्थेच्या आवारातच गेलं.

वडिलांची एक खंत त्यांनी पुढे लिहून ठेवली आहे. कधी कधी न्यायालयाकडून चुकून अगदी धडधाकट बुद्धीची मुलं संस्थेत पाठवली जात. ती परत पाठवायची तर आधी रीतसर बुद्धिचाचणी घ्यावी लागे, आणि चाचणीचा नंबर लागेपर्यंत आठवडेच्या आठवडे जात. तेवढ्या काळात त्या गर्दीत, त्या दिनक्रमात राहून मुलांचे गुण खरोखरच घसरत आणि सुटकेचा रस्ता बंद होई. यातल्या काही मुली मोठ्या झाल्यावर संस्थेतल्या कर्मचाऱ्यांच्या घरी कामाला लागल्या. घरातल्या माणसांबरोबर उठणं-बसणं, स्वयंपाक, मुलं सांभाळणं सुरू झालं आणि त्यांची बुद्धी पुन्हा उजळली. मूल तेच होतं, फक्त भोवताल बदलला होता.

पुढे कॉर्नेल विद्यापीठात शिकवताना ब्रॉनफेनब्रेनर यांची आपल्याच शास्त्रावर मोठी तक्रार होती. मुलाला अनोळखी खोलीत न्यायचं, अनोळखी माणसानं थोडा वेळ काहीतरी करून घ्यायचं आणि त्यावरून मुलाच्या वाढीबद्दल निष्कर्ष काढायचे, ही रीत त्यांना पटत नव्हती. मूल जिथं जगतं तिथं त्याला पाहा, असं त्यांचं म्हणणं होतं. हा विचार त्यांनी 1979 सालच्या पुस्तकात सविस्तर मांडला. त्याआधी, 1965 साली, अमेरिकेत गरीब घरांतल्या लहान मुलांसाठी ‘हेड स्टार्ट’ हा सरकारी कार्यक्रम सुरू झाला, तेव्हाही त्याची आखणी करणाऱ्यांत ते होते. मुलाबरोबर त्याच्या पालकांनाही कार्यक्रमात सामावून घ्या, हा त्यांचा आग्रह होता.

थर आणि त्यांच्यातले दुवे

मूल जिथं स्वतः हजर असतं, ती प्रत्येक जागा म्हणजे त्याची सूक्ष्म व्यवस्था. आपल्या घरातल्या मुलांसाठी कोपी, उसाचा फड, शाळेचा वर्ग, आजीचं घर, मैत्रिणींचा घोळका या साऱ्या सूक्ष्म व्यवस्था आहेत. या जागांमध्ये आपापसांत जे संबंध असतात, ती मध्य व्यवस्था. आईचं आणि बाईंचं बोलणं होतं का, आजीला शाळेची वेळ ठाऊक आहे का, हे प्रश्न तिच्यातले आहेत.

मूल जिथं कधीच जात नाही, पण जिथल्या निर्णयानं त्याचा दिवस बदलतो, ती बाह्य व्यवस्था. मुकादमाची वही, कारखान्याचा तोडणीचा कार्यक्रम, जिल्हा परिषदेत हंगामी वसतिगृहांना मिळणारी किंवा रखडणारी मंजुरी, ही तिची उदाहरणं. या सगळ्यांच्या मुळाशी कायदे, चालीरीती, पैशाची रचना, मुलगी कशी असावी याबद्दलच्या कल्पना असतात. ती झाली बृहद् व्यवस्था. आणि 1986 साली ब्रॉनफेनब्रेनर यांनी यात काळाची भर घातली. घटना कोणत्या ऐतिहासिक काळात घडली आणि मुलाच्या कोणत्या वयात घडली, याला त्यांनी काल व्यवस्था म्हटलं.

शिक्षणशास्त्राच्या पुस्तकांत हा सिद्धांत एकात एक काढलेल्या वर्तुळांनी दाखवतात. ब्रॉनफेनब्रेनर यांनी स्वतः रशियातल्या एकात एक बसणाऱ्या बाहुल्यांचा दाखला दिला होता. चित्र लक्षात राहायला सोपं आहे, पण त्यातून दोन गैरसमज होतात. पहिला म्हणजे, मध्य व्यवस्था हा वेगळा थर आहे असं वाटतं. खरं तर ती जागांमधल्या दुव्यांची जाळी आहे, आणि दुवा नसेल तर तो नसणं हीसुद्धा मुलाच्या आयुष्यातली एक ठोस गोष्ट असते. दुसरा गैरसमज जास्त महत्त्वाचा आहे. वर्तुळं कायमची आखलेली आहेत असं वाटतं. प्रत्यक्षात तीच जागा मुलाच्या वयाबरोबर एका थरातून दुसऱ्या थरात सरकते.

उसाचा फडच घ्या. धाकट्याला आई बरोबर नेते, तेव्हा फड ही त्याची सूक्ष्म व्यवस्था असते. दिवसभर तो तिथंच असतो. मधली गावी आजीजवळ राहिली, तर तोच फड तिच्यासाठी बाह्य व्यवस्था होतो. ती तिथं पाऊलही टाकत नाही, पण आई-बाप तिच्याजवळ का नाहीत याचं कारण तो फड आहे. थोरली हातात कोयता घेऊन उभी राहिली, की फड पुन्हा सूक्ष्म व्यवस्थेत येतो, पण आता तिचं कामाचं ठिकाण म्हणून. मुकादमाच्या वहीचंही तसंच. आज ती वही थोरलीच्या जगाबाहेर आहे. तिचं लग्न लागलं, की पुढच्या हंगामात त्या वहीत एक नवा कोयता लिहिला जातो आणि त्यातली अर्धी ती असते.

वाढ नेमकी कशानं होते

थरांची नावं पाठ झाली म्हणजे सिद्धांत कळला, असं नाही. पुढच्या काळात खुद्द ब्रॉनफेनब्रेनर यांनाच असं जाणवलं, की अभ्यासक भोवतालाची वर्णनं भरपूर करतात, पण त्यातून मूल वाढतं कसं हे सांगत नाहीत. म्हणून नव्वदच्या दशकात त्यांनी आपला सिद्धांत नव्यानं बांधला आणि त्याच्या केंद्रस्थानी एकच गोष्ट ठेवली. मूल आणि त्याच्या अगदी जवळची माणसं किंवा वस्तू यांच्यातली देवाणघेवाण. तिला आपण निकट प्रक्रिया म्हणू.

ही देवाणघेवाण कशी असावी याच्या अटी त्यांनी स्पष्ट सांगितल्या. ती दोन्ही बाजूंनी हवी, म्हणजे मुलानं काही केलं की समोरून प्रतिसाद आला पाहिजे. ती नियमित हवी, महिन्यातून एकदा नव्हे. ती दीर्घकाळ टिकली पाहिजे. आणि मूल वाढेल तशी ती हळूहळू अवघड होत गेली पाहिजे. दोन वर्षांच्या मुलाशी वस्तूंची नावं बोलणं ही निकट प्रक्रिया आहे. आठव्या वर्षी बेरजेवरून गुणाकारावर, गुणाकारावरून भागाकारावर नेणारी शिकवणी, आणि चौदाव्या वर्षी घरातल्या एखाद्या निर्णयावर वाद घालू देणारा बाप, ह्याही निकट प्रक्रियाच.

बाहेरच्या थरांचं मोल इथं ठरतं. कारखाना, कायदा, रूढी यांतलं काहीही मुलाला थेट वाढवत नाही आणि थेट खुंटवतही नाही. ते निकट प्रक्रियांना वेळ, माणूस आणि सातत्य देतं, किंवा हिरावून घेतं. आता या नजरेनं तिघांकडे एकेक करून पाहू.

दोन वर्षांचा: माणसं आणि तास

दीड ते अडीच वर्षांच्या काळात मुलाची भाषा झपाट्यानं फुटते. मूल बोट दाखवतं, मोठं माणूस नाव सांगतं, मूल ते मोडकंतोडकं उच्चारतं, माणूस ते सरळ करून परत म्हणतं. दिवसातून शेकडो वेळा होणारी ही देवाणघेवाण गावात बऱ्याच जणांत वाटलेली असते. आई असते, आजी असते, चुलती असते, शेजारची पोरं असतात, आणि गावात अंगणवाडी असते.

ऊसतोडीवर ही माणसं एकदम कमी होतात. आई पहाटे तीन-चारला उठते, भाकरी थापते आणि उजाडायच्या आत फडात जाते. ऊस तोडायचा, पाचट काढायचं, वाढं वेगळं करायचं, मोळी बांधायची, ती डोक्यावरून नेऊन गाडी भरायची. गाडी रात्री आली तर रात्री भरायची. धाकटा बांधावरच्या झोळीत किंवा वाढ्याच्या ढिगाजवळ असतो. त्याच्याजवळ कुणी असलंच तर मधली बहीण असते, आणि ती स्वतः आठ वर्षांची आहे. आई रात्री त्याला कुशीत घेते तेव्हा तिच्या अंगात बोलायचं त्राण उरलेलं नसतं. मायेत काही उणं नसतं. संपलेला असतो तो वेळ आणि अंगातलं बळ.

मूल आजारी पडलं म्हणून आई एक दिवस कोपीत थांबली, तर तो खाडा धरला जातो आणि हिशेबातून पैसे कापले जातात. बाह्य व्यवस्था दोन वर्षांच्या मुलापर्यंत कशी पोचते, याचं याहून स्वच्छ उदाहरण सापडणार नाही. खाड्याचा नियम बाळाला ठाऊकही नसतो. तो आईच्या तासांतून त्याच्यापर्यंत येतो, दुसरी वाटच नाही. या वयात जवळजवळ सगळे बाहेरचे थर एका-दोन माणसांच्या हातून मुलापर्यंत येतात.

नुकसान ओळखायचं कसं? अंगणवाडीतल्या वजनाच्या तक्त्यावर हंगामाचे महिने कोरे दिसतात, आणि परतल्यावर रेघ खाली आलेली असते. बोलण्यातही फरक कळतो. नव्या वस्तूकडे बोट दाखवून मोठ्यांकडे वळून पाहणारं मूल अजून कुणाच्या तरी प्रतिसादाची वाट पाहत असतं. ते वळून पाहणंच थांबलं असेल, तर लगेच लक्ष द्यायला हवं.

म्हणून या वयाला वसतिगृहाचा उपयोग नाही, पुस्तकांचाही नाही. इथं तळावर, कोप्यांच्या शेजारी, सकाळी लवकर उघडणारं पाळणाघर लागतं. एका बाईच्या वाट्याला थोडी मुलं येतील आणि हंगामभर तीच बाई राहील, अशी सोय लागते. माणसं सारखी बदलत राहिली तर देवाणघेवाणीला सातत्य येत नाही आणि पाळणाघर म्हणजे नुसती राखण होऊन बसते.

आठ वर्षांची: दोन शाळांमधली फट

मधलीच्या आयुष्यात शाळा आली आहे. आता तिच्या जागा एकाहून जास्त झाल्या, आणि जागा वाढल्या की त्यांच्यातले दुवे महत्त्वाचे होतात. धाकट्याच्या बाबतीत मध्य व्यवस्थेबद्दल बोलण्यासारखं फारसं नव्हतं. इथं सगळा खेळ तिच्यावर आहे.

शाळेचं वर्ष जूनमध्ये सुरू होतं आणि पहिलं सत्र दिवाळीला संपतं. ऊसतोडीचं वेळापत्रक बरोबर दुसऱ्या सत्रावर येऊन पडतं. मधली आई-बापांबरोबर गेली, तर तिसरीचा दुसरा अर्धा तिच्या हातून जातो. शिक्षण हमी पत्रक घेऊन तिला कारखान्याजवळच्या शाळेत बसता येतं. पण नव्या वर्गात ती मागच्या रांगेत बसते. तिला हातच्याची वजाबाकी येते की नाही, हे तिथल्या गुरुजींना ठाऊक नसतं. टोळी दुसऱ्या शिवारात हलली की शाळाही सुटते. टोळी कर्नाटकात गेली असेल, तर जवळची शाळा कन्नड असू शकते. तिकडे गावच्या शाळेत तिचं नाव पटावर असतंच. जूनमध्ये ती चौथीच्या वर्गात बसते आणि बाई चौथीचं पुस्तक उघडतात.

गणितात हे लगेच उघडं पडतं. भागाकार समजायला गुणाकार पक्का हवा, आणि अपूर्णांक समजायला भागाकाराची जाण हवी. मधली एक पायरी गेली की पुढची प्रत्येक पायरी पोकळ होते. मुलगी ‘कच्ची’ ठरते. सहा ते बारा या वयात मुलं स्वतःला वर्गातल्या इतरांशी ताडून पाहू लागतात, त्यामुळे हा शिक्का तिला स्वतःलाही खरा वाटतो. दोन वर्षांच्या भावाला असला शिक्का लागूच शकत नाही, कारण तो अजून स्वतःची तुलना करत नाही.

शिक्षकांना इथं एक साधी तपासणी करता येते. मुलीला मागच्या इयत्तेच्या पहिल्या सत्रातले आणि दुसऱ्या सत्रातले प्रश्न वेगवेगळे द्यावेत. पहिल्या सत्राचं पक्कं असेल आणि दुसऱ्याचं कोरं असेल, तर दोष कॅलेंडरचा आहे, मुलीच्या बुद्धीचा नाही. चुका दोन्ही सत्रांत विखुरलेल्या असतील, तर मात्र डोळे, कान, पोटभर अन्न, शिकवण्याची रीत किंवा शिकण्यातली एखादी विशिष्ट अडचण, असं दुसरं कारण शोधावं लागेल.

हंगामी वसतिगृहाच्या आधारानं मुलगी गावातच राहिली, तर शाळा तुटत नाही. हा चांगला उपाय आहे. पण ब्रॉनफेनब्रेनर यांनी यासाठी एक अट सांगून ठेवली आहे. मूल नव्या जागी एकटं जाऊ नये, आणि जुन्या-नव्या जागांमधली माणसं एकमेकांशी बोलती असावीत. वसतिगृहाच्या पहिल्या दिवशी आई स्वतः सोडायला आली का? संध्याकाळी ठरलेल्या वेळी फोन होतो का? आजीला ताप आला तर सांभाळणाऱ्या बाईंना कळतं का? एवढ्या तीन गोष्टींवरून वसतिगृह मुलीला धरून ठेवेल की ती माघाच्या थंडीत रडून आईकडे जाईल, याचा अंदाज येतो. आणि ती आई-बापांबरोबर जाणारच असेल, तर हमी पत्रकाच्या सोबत तिला काय येतं आणि कोणता धडा अर्धा राहिला, याची चार ओळींची नोंद जायला हवी. पत्रकानं प्रवेश मिळतो, पण शिकणं जुळतं ते या नोंदीनं.

चौदा वर्षांची: समजुतीचा पहारा

थोरलीला सांभाळायला कुणी लागत नाही, उलट तीच घर सांभाळते. अभ्यासात खंड पडला तर तो भरून काढण्याची समज तिच्यात आहे. तिच्याभोवती वेगळाच थर जागा झालेला असतो. गावातल्या अनेक शाळा सातवी-आठवीपर्यंतच असतात आणि पुढची शाळा दुसऱ्या गावाला. आई-बाप सहा महिने बाहेर, घरात म्हातारी आजी, आणि मुलगी वयात आलेली. मग ‘जोखीम नको’ हे वाक्य येतं. तिला तळावर नेलं तर उघड्यावरच्या कोपीत तीच भीती असते. मागं ठेवलं तर लोक काय म्हणतील, ही दुसरी भीती. त्यातून सुटायचा मार्ग म्हणून घराला लग्न दिसतं.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीत, महाराष्ट्रातल्या 20 ते 24 वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे 22 टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. बीड जिल्ह्यात हे प्रमाण 40 टक्क्यांहून जास्त होतं. कायदा दोन्हीकडे सारखाच आहे. बृहद् व्यवस्थेत कायदा असतो तशी रूढीही असते, आणि रूढीला उसाच्या अर्थकारणाचा टेकू मिळाला की कायद्याचा जोर कमी पडतो. उचल जोडीवर मिळते. त्यामुळे लग्न म्हणजे भीतीवर उतारा आणि नवा कोयता, दोन्ही एकदमच होतं.

मुलीबद्दलची ही समजूत तिच्या जन्मापासून घरात होतीच. दुसऱ्या वर्षी ती जेमतेम जाणवत होती. आठव्या वर्षी भावाला सांभाळण्याच्या जबाबदारीतून थोडी दिसली. मुलगी वयात आली आणि तीच समजूत तिच्या रोजच्या येण्या-जाण्याचं वेळापत्रक ठरवू लागली. थर नवा आला नाही, आधीपासून असलेला थर मुलीच्या वयानं जागा केला.

पण याच वयात आणखी एक गोष्ट बदललेली असते. थोरली आता नुसती परिणाम झेलणारी राहत नाही. ती उचलीचा हिशेब समजू शकते, बाईंकडून वसतिगृहाचा अर्ज आणू शकते, मामाला मध्ये घालू शकते, मैत्रिणींबरोबर हट्ट धरू शकते. मूल स्वतःच्या स्वभावानं आणि कृतीनं भोवताल बदलतं, हे ब्रॉनफेनब्रेनर यांनी पुढच्या मांडणीत ठासून सांगितलं, आणि वयाबरोबर ही ताकद वाढते. म्हणून या वयाला वर्षभर चालणारं, दहावी-बारावीपर्यंत नेणारं सुरक्षित वसतिगृह लागतं, आणि तिच्या बाजूनं घरात बोलू शकेल असं गावातलं एक तरी वजनदार माणूस लागतं.

मंदीतली दोन वयं

एकच संकट वयाप्रमाणे वेगवेगळ्या वाटेनं येतं, याचा भक्कम पुरावा अमेरिकेतून मिळतो. कॅलिफोर्नियात मुलांचे दोन दीर्घकालीन अभ्यास चालू होते. ओकलंडमधली मुलं 1920-21 साली जन्मलेली, तर बर्कलीमधली 1928-29 साली. दोन्ही गावं एकमेकांना लागून आहेत. 1929 नंतर महामंदी आली आणि दोन्हीकडच्या अनेक कुटुंबांचं उत्पन्न कोसळलं. समाजशास्त्रज्ञ ग्लेन एल्डर यांनी या नोंदी पुढे बारकाईनं तपासल्या, आणि त्यांचं ओकलंडच्या मुलांवरचं पुस्तक 1974 साली आलं.

संकट आलं तेव्हा ओकलंडची मुलं दहा वर्षांच्या पुढची होती. मुलगे छोटी-मोठी कामं करून घरी पैसे आणू लागले, मुलींनी घरकाम उचललं. त्यांना घरात एक गरजेची जागा मिळाली. उत्पन्न बुडालेल्या घरांतले यातले बरेच मुलगे पुढे नेटानं उभे राहिले. बर्कलीची मुलं त्या वेळी अगदी लहान होती, पूर्णपणे घरावर अवलंबून. तिथल्या मुलग्यांना मंदीचा फटका जास्त बसला. किशोरवयात त्यांची शाळेतली कामगिरी आणि आत्मविश्वास दोन्ही कमी भरले. एल्डर यांना त्यामागची वाट सापडली. काम गेलेल्या बापाची चिडचिड वाढली होती, शिस्त लहरीवर चालत होती, आणि आई-बापांत खटके उडत होते. मंदी या लहान मुलांपर्यंत पैशाच्या रूपानं आलीच नाही, ती बापाच्या वागण्यातून आली. याच बर्कलीच्या लहान मुली आईच्या अधिक जवळ गेल्या आणि त्यामानानं सावरल्या. एकाच घरात, एकाच वयाच्या मुलाची आणि मुलीचीही वाट वेगळी निघाली.

या अभ्यासाचा दुसरा भागही सांगायला हवा. बर्कलीच्या त्या मुलग्यांपैकी अनेक जण पुढे सैन्यात गेले. घरापासून लांब, नव्या शिस्तीत, नव्या सोबतीत त्यांना नवी सुरुवात करता आली, आणि त्यांच्यातले बरेच सावरले. लहानपणी बसलेला घाव म्हणजे कायमचा निकाल नव्हे. पुढच्या वयात नवी जागा मिळाली तर वाट वळू शकते.

नकाशा काय सांगतो, काय सांगत नाही

या सिद्धांताच्या मर्यादा खऱ्या आहेत. कोणत्या थराचं वजन किती, याचा आकडा तो देत नाही. सगळंच सगळ्याशी जोडलेलं आहे असं म्हटलं, की ते खोटं ठरवणंही अवघड होऊन बसतं. मुलाचा जन्मजात स्वभाव आणि शरीर यांना सुरुवातीच्या मांडणीत फार कमी जागा होती, ती पुढच्या मांडणीत वाढवावी लागली. आणि मी रंगवलेल्या घरातली तीन मुलं म्हणजे सगळी ऊसतोड मुलं नव्हेत. एखाद्या तळावर चांगला मुकादम भेटतो, एखाद्या गावात आजी खमकी असते, एखादे गुरुजी मुलांचा ठावठिकाणा शोधत फडापर्यंत जातात.

तरी या नकाशाचा एक उपयोग वादातीत आहे. ‘ऊसतोड कामगारांची मुलं’ असा एकच गट धरून एकच योजना आखायची चूक तो आपल्याला करू देत नाही. मूल जितकं लहान, तितकी दुरुस्ती त्याच्या जवळच्या माणसांच्या वेळेत आणि संख्येत करावी लागते. मूल शाळेत गेलं, की जागांमधले दुवे बांधावे लागतात. ते वयात आलं, की रूढी आणि सुरक्षितता यांच्याशी थेट भिडावं लागतं, आणि त्याच्या स्वतःच्या म्हणण्याला कान द्यावा लागतो.

आणि तिघांनाही एकाच वेळी लागू पडणारी दुरुस्ती शोधायची असेल, तर ती उचलीच्या करारातच सापडते. खाड्याची कपात आईचा वेळ कापते, हंगामाच्या तारखा शाळेचं सत्र कापतात, आणि जोडीचा हिशेब मुलीचं शिक्षण कापतो. मूल आजारी असताना आईला बिनकपातीची सुट्टी, तळावर पाळणाघर ही कारखान्याची जबाबदारी, आणि बाई व पुरुष यांचा वेगवेगळा हिशेब, ही तीन कलमं करारात आली तर तिन्ही मुलांपर्यंत पोचतील, प्रत्येकाला त्याच्या वयाच्या वाटेनं. मुलांच्या वाढीबद्दल आपण बालवाडीत आणि शाळेत बोलतो. ऊसतोडीच्या घरांसाठी ते बोलणं पावसाळ्यातच, उचल ठरते त्या बैठकीत व्हायला हवं.